प्रबंध जमा करण्याआधीचा तो एक पेपर: जर्नल कसं तपासायचं, पुरावा कसा ठेवायचा, आणि फसलात तर काय करायचं

मी एका कॉलेजच्या संशोधन केंद्रात ग्रंथपाल आहे. प्रबंधाची सिमिलॅरिटी तपासणी, म्हणजे त्यातला मजकूर आधी छापलेल्या मजकुराशी किती जुळतो हे बघणं, आमच्याकडे होते, त्यामुळे जमा होण्याआधी प्रत्येक फाइल माझ्या टेबलावरून जाते. पाचशे पानी प्रबंध, गाइडची सही, फी भरल्याची पावती, सगळं जागेवर असतं, आणि फाइल अडते ती शेवटी लावलेल्या आठ पानी पेपरवर. ‘सर, पेपर तर छापून आलाय ना?’ हा प्रश्न मी इतक्यांदा ऐकला आहे की उत्तर एकदाच लिहून ठेवायचं ठरवलं. छापून आलाय हे खरं असतं. कुठे छापून आलाय हे कोणी बघितलेलं नसतं.

पुढचे टप्पे महाराष्ट्रातल्या विद्यापीठांत पीएच.डी. करणाऱ्यांसाठी आहेत. क्रम बदलू नका, कारण बहुतेक चुका क्रमाच्याच असतात: आधी लेख पाठवला जातो, मग जर्नल तपासलं जातं आणि नियम सर्वांत शेवटी वाचला जातो.

## टप्पा 1: तुम्हाला कोणता नियम लागू आहे ते कागदावर शोधा

मित्राला विचारू नका. तुमचं नोंदणीपत्र काढा आणि नोंदणीची तारीख बघा.

विद्यापीठ अनुदान आयोगाच्या 2016 च्या पीएच.डी. नियमावलीत अट स्पष्ट होती: प्रबंध जमा करण्याआधी रेफरीड, म्हणजे समीक्षकांकडून लेख तपासून घेणाऱ्या, जर्नलमध्ये किमान एक शोधनिबंध प्रसिद्ध झालेला असावा, परिषदांमध्ये दोन पेपर सादर केलेले असावेत, आणि त्याचा पुरावा म्हणून सादरीकरणाची प्रमाणपत्रं किंवा छापील लेखाची प्रत जोडावी. नोव्हेंबर 2022 मध्ये नवी नियमावली आली आणि तिच्यात ही अट राहिली नाही. ही बातमी व्हॉट्सॲपवर ‘आता पेपर लागत नाही’ अशी फिरली आणि तिथेच घोळ झाला. एक तर त्या नियमावलीतच लिहिलं आहे की तिच्या आधी नोंदणी झालेल्यांना 2009 किंवा 2016 चे नियम लागू राहतील. दुसरं, आयोगाने अट काढली तरी विद्यापीठ स्वतःच्या अध्यादेशात किंवा परिपत्रकात ती ठेवू शकतं. कुठे एक पेपर मागतात, कुठे दोन, तर कुठे स्कोपस या आंतरराष्ट्रीय सूचीतल्या जर्नलमधलाच हवा म्हणतात.

म्हणून तीन कागद एकत्र ठेवा: नोंदणीपत्र, तुमच्या विद्यापीठाचा सध्याचा पीएच.डी. अध्यादेश आणि प्रबंध जमा करताना भरायची चेकलिस्ट. चेकलिस्ट पीएच.डी. विभागात मिळते आणि बहुतेक जण ती शेवटच्या आठवड्यात पहिल्यांदा बघतात. तुम्ही आजच आणा.

तपासा: चेकलिस्टमध्ये ‘प्रसिद्ध’ लिहिलं आहे की ‘स्वीकृत’ हे बघा. 2016 च्या भाषेत छापील प्रत मागितली आहे, नुसतं स्वीकृतीपत्र नाही. तुमचं विद्यापीठ स्वीकृतीपत्र चालवत असेल तर तसं लेखी दाखवणारं परिपत्रक जवळ ठेवा. खिडकीवरच्या माणसाने ‘चालेल की’ म्हटलं होतं, हा पुरावा नव्हे. सहा महिन्यांनी त्या खिडकीवर दुसरा माणूस असतो.

## टप्पा 2: तारखा उलट्या मोजा

खऱ्या जर्नलला वेळ लागतो. समीक्षक शोधायचे, त्यांनी वाचायचं, अभिप्राय द्यायचा, तुम्ही दुरुस्त करायचं, पुन्हा पाठवायचं. सामाजिक शास्त्रं आणि भाषांमध्ये पहिला निर्णय यायलाच तीन-चार महिने जातात. लेख पाठवल्यापासून छापून येईपर्यंत वर्ष गेलं तरी त्यात काही वावगं नाही. शिवाय पहिल्या जर्नलकडून नकार येईल हे धरूनच चालायचं.

याचा हिशेब असा. प्रबंध जून 2027 मध्ये जमा करायचा आहे समजा. पेपर छापील स्वरूपात एप्रिल 2027 पर्यंत हातात हवा. एक नकार आणि दोन फेऱ्या दुरुस्त्या धरल्या तर लेख उशिरात उशिरा जानेवारी 2026 मध्ये बाहेर पडला पाहिजे. म्हणजे प्रबंधाच्या जवळपास दीड वर्ष आधी. तेव्हा तुमची फक्त दोन-तीन प्रकरणं झालेली असतील आणि तेवढी पुरेशी आहेत. एका प्रकरणातला एक मुद्दा घ्यायचा आणि त्यावर लिहायचं.

हा हिशेब कोणी करत नाही. सिनॉप्सिसची तारीख लागते, मग आठवतं की पेपर राहिलाय, आणि नेमक्या त्या आठवड्यात फोनवर मेसेज येतो: ‘सात दिवसांत प्रकाशन, प्रमाणपत्रासह, फक्त 2,500 रुपये.’ प्रिडेटरी, म्हणजे पैसे घेऊन न तपासता काहीही छापणाऱ्या, जर्नलांचा सगळा धंदा या घाईवर चालतो. त्यांना तुमच्या विषयाशी काही देणंघेणं नसतं, तुमची शेवटची तारीख मात्र त्यांना बरोबर माहीत असते.

इथे थांबा: तुमच्या हातात चार महिन्यांपेक्षा कमी वेळ असेल तर आधी मुदतवाढीचा नियम वाचा आणि मगच जर्नल शोधायला बसा. मुदतवाढीचा अर्ज करणं कमीपणाचं वाटतं खरं, पण तो एका पानाचा अर्ज असतो. बनावट पेपरची भानगड वर्ष खाते.

## टप्पा 3: जर्नल आधी तपासा, लेख मग पाठवा

हा टप्पा नीट वाचा. पुढचं निम्मं दुखणं इथेच टळतं.

जर्नलच्या स्वतःच्या वेबसाइटवर लिहिलेलं काहीही पुरावा धरायचं नाही. ‘यूजीसी मान्यताप्राप्त’, ‘पीअर रिव्ह्यूड’, ‘इम्पॅक्ट फॅक्टर 7.8’ हे शब्द कोणीही टाइप करू शकतो. प्रत्येक दावा दुसऱ्याच्या दारात जाऊन तपासायचा.

यूजीसी-केअरचा दावा. केअर यादी, म्हणजे आयोगाने मान्य केलेल्या जर्नलांची यादी, जून 2019 पासून वापरात आली. तिचं काम पुण्यात, सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठातल्या केंद्रातून चालत असे. फेब्रुवारी 2025 मध्ये आयोगाने ही यादी बंद केल्याचं जाहीर केलं. जर्नल निवडण्यासाठी काही निकष सुचवले आणि तपासणीची जबाबदारी विद्यापीठांवर टाकली. तेव्हा आज एखादं जर्नल ‘आम्ही यूजीसी केअरमध्ये आहोत’ असं वर्तमानकाळात सांगत असेल, तर तेवढ्यावरूनच सावध व्हा. नसलेल्या यादीत ते आहेत तरी कसे? आता विचारायचं ते तुमच्या विद्यापीठाला: तुमची स्वतःची यादी आहे का, समिती आहे का, जर्नलला आधी मंजुरी घ्यायची सोय आहे का? सोय असेल तर लेख पाठवण्याआधी गाइडमार्फत मंजुरी घ्या आणि ते पत्र फाइलला लावा.

स्कोपसचा दावा. scopus.com/sources हे पान फुकट उघडतं. नावाने शोधू नका, आयएसएसएन क्रमांकाने शोधा, कारण एकसारख्या नावांची जर्नलं खंडीभर आहेत. सापडलं की ‘कव्हरेज’ची वर्षं बघा. खरी चूक इथे होते. जर्नल स्कोपसमध्ये दिसतं, विद्यार्थी खूश होतो, पण बारीक अक्षरांत लिहिलेलं असतं की नोंद अमुक वर्षापर्यंतच आहे आणि पुढे थांबवलेली आहे. तुमचा पेपर 2024 चा आणि नोंद 2021 ला थांबलेली, तर तो पेपर स्कोपसमधला नाही. जर्नलची पाटी आणि तुमचा अंक या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. वेब ऑफ सायन्स या दुसऱ्या सूचीसाठी mjl.clarivate.com वर असाच शोध घ्या.

इम्पॅक्ट फॅक्टरचा दावा. जर्नल इम्पॅक्ट फॅक्टर हे जर्नलमधल्या लेखांचा संदर्भ सरासरी किती वेळा दिला जातो याचं, क्लॅरिव्हेट कंपनीच्या जर्नल सायटेशन रिपोर्ट्समधलं माप आहे. त्याच्याशी जुळणारी नावं घेऊन आकडे वाटणाऱ्या संस्था वेगळ्याच आहेत, आणि त्यांचं प्रमाणपत्र वेबसाइटवर सोनेरी चौकटीत लावलेलं असतं. मराठीतल्या किंवा प्रादेशिक विषयांवरच्या चांगल्या नियतकालिकांना इम्पॅक्ट फॅक्टर नसतोच. नसणं हा दोष नाही. खोटा असणं हा दोष आहे.

आयएसएसएन. हा नियतकालिकाचा नोंदणी क्रमांक. त्यावरून दर्जा कळत नाही. लग्नपत्रिकेवरच्या प्रेसच्या नावावरून लग्न कसं होईल हे जसं कळत नाही, तसंच हे. पण portal.issn.org वर क्रमांक टाकला की दोन उपयोगी गोष्टी दिसतात: नोंदवलेलं नाव आणि माध्यम, म्हणजे छापील की ऑनलाइन. नोंद ‘प्रिंट’ची आणि तुमच्यासमोर मात्र फक्त पीडीएफ देणारी वेबसाइट, असं असेल तर पुढे जाऊ नका. याचं उदाहरण खाली येतंच आहे.

संपादक मंडळ. यादीतल्या दोन प्राध्यापकांची नावं घ्या, त्यांच्या विद्यापीठाच्या वेबसाइटवर त्यांचा ईमेल शोधा आणि दोन ओळी लिहा: ‘आपण या जर्नलच्या संपादक मंडळावर आहात का?’ मी एकदा असं विचारलं तर उत्तर आलं, ‘हे नाव मी प्रथमच ऐकतो आहे.’ पाच मिनिटांचं काम. जर्नलच्या पानावर दिलेला ईमेल मात्र वापरायचा नाही, तो त्यांच्याच घरचा असतो.

मागचे अंक. हा माझा सर्वांत आवडता उपाय, कारण त्याला इंटरनेटची अक्कल लागत नाही, नुसते डोळे लागतात. मागच्या वर्षीचे अंक उघडा. त्रैमासिक असेल तर वर्षाला चार अंक हवेत. ‘अंक 3, भाग 11’ असं काही दिसलं तर एका अंकाचे अकरा भाग का पडले ते विचारा. एकाच अंकात मराठी कविता, सोयाबीनवरची कीड, जीएसटी आणि योगासनं असतील तर त्या सगळ्याला समीक्षक कुठून आणले असतील याचा विचार करा. मग कुठलाही एक लेख घेऊन मिळाल्याची आणि स्वीकारल्याची तारीख बघा. दोन तारखांत तीन दिवस असतील तर तो लेख कोणी वाचलेला नाही.

पैशाबद्दल एक खुलासा, कारण इथे उलटी चूकही होते. पैसे घेतात म्हणजे जर्नल वाईट, असं नाही. मुक्त प्रवेशाची नावाजलेली जर्नलंही लेखकाकडून फी घेतात. फरक कधी आणि कसे यात आहे. चांगलं जर्नल रक्कम वेबसाइटवर आधीच सांगतं, समीक्षेनंतर मागतं आणि संस्थेच्या नावाची पावती देतं. ‘संपादक’ म्हणवणाऱ्या माणसाच्या वैयक्तिक क्यूआर कोडवर समीक्षेआधीच पैसे गेले, तर तुम्ही छपाईचं गिऱ्हाईक झालात.

डीओआय, म्हणजे लेखाचा कायमचा ऑनलाइन ओळख क्रमांक, नसला म्हणून घाबरू नका. मराठीतली जुनी, निगुतीने निघणारी कितीतरी नियतकालिकं डीओआय देत नाहीत. दिला असेल तर मात्र तो doi.org वर टाकून उघडतो का ते बघा. दिलेला आणि न उघडणारा डीओआय हे वाईट लक्षण.

तपासा: वरच्या प्रत्येक शोधाचा तारखेसह स्क्रीनशॉट घ्या. दोनदा घ्यायचा: लेख पाठवला त्या दिवशी आणि लेख छापून आला त्या दिवशी. मधल्या काळात जर्नल यादीतून जाऊ शकतं.

## एक प्रकरण: अकरावा भाग

शिक्षणशास्त्रातली एक विद्यार्थिनी. नोंदणी ऑगस्ट 2019 ची, म्हणजे 2016 चे नियम. शाळेतली नोकरी, घर आणि संशोधन, तिन्ही सांभाळत होती. डिसेंबर 2021 मध्ये तिने एका ऑनलाइन परिषदेत पेपर वाचला. आयोजकांनी सांगितलं, आणखी 1,800 रुपये भरा, ‘केअर लिस्टेड’ जर्नलच्या विशेषांकात छापू. तिने नाव केअर यादीत शोधलं. नाव होतं, आयएसएसएन जुळला. पैसे भरले, आठ दिवसांत पीडीएफ आलं, रंगीत प्रमाणपत्रही आलं.

पुढे तीन वर्षं कोणी काही विचारलं नाही. सहामाही प्रगती अहवालात तिने हा पेपर दर वेळी लिहिला, समितीने दर वेळी सही केली. हे लक्षात ठेवण्यासारखं आहे: प्रगती अहवालावरची सही म्हणजे जर्नल तपासल्याची सही नसते.

फेब्रुवारी 2025 मध्ये प्रबंध तयार झाला. पीएच.डी. विभागातल्या बाईंनी एकच गोष्ट मागितली: ‘मूळ अंक आणा.’ कारण केअरच्या नोंदीत ई-आयएसएसएनची जागा रिकामी होती, म्हणजे जर्नल फक्त छापील होतं. हिच्याकडे अंक नव्हताच, फक्त पीडीएफ. ती माझ्याकडे आली. आमच्याकडे त्या जर्नलचे जुने अंक बांधून ठेवलेले आहेत. मागच्या पानावर संस्थेचा फोन नंबर होता, तो लावला. पलीकडच्या गृहस्थांनी शांतपणे सांगितलं, ‘आमचा ऑक्टोबर-डिसेंबरचा अंक 14 लेखांचा आहे, त्यात हे नाव नाही. आमची वेबसाइटच नाही.’

झालं होतं ते असं. जर्नल खरं, यादीतली नोंद खरी, आयएसएसएन खरा. कोणीतरी त्याच नावाची वेबसाइट उभी केली होती आणि ‘अंक, भाग 1’ ते ‘भाग 11’ अशी पीडीएफ विकत होता. अशा नकलेला क्लोन जर्नल म्हणतात. केअरच्या संकेतस्थळावर अशा नकलांबद्दल इशारे दिलेले असत, पण यादीत नाव बघून थांबणारा माणूस इशाऱ्यापर्यंत जात नाही. त्या विद्यार्थिनीने यादी तपासली होती. वेबसाइट आणि यादीतला प्रकाशक एकच आहेत का, एवढंच बघायचं राहिलं. पत्ता वेगळा होता, ईमेल जीमेलचा होता, पैसे एका व्यक्तीच्या नावावर गेले होते.

तिने पुढे काय केलं ते टप्पा 6 मध्ये.

## टप्पा 4: लेख पाठवल्यानंतरचा पत्रव्यवहार जपा

‘रेफरीड’ या शब्दाचा सर्वांत भक्कम पुरावा म्हणजे समीक्षकाने काढलेल्या चुका. अभिप्राय आला की बहुतेकांना राग येतो, काही जण ईमेल पुसूनही टाकतात. पुसू नका. लेख मिळाल्याची पोच, समीक्षकांचे अभिप्राय, तुम्ही दिलेली उत्तरं, दुरुस्त प्रत, स्वीकृती, सगळं एका फोल्डरमध्ये पीडीएफ करून ठेवा. उद्या जर्नलबद्दल शंका निघाली तर हा पत्रव्यवहार तुमच्या बाजूने बोलतो.

‘रिव्ह्यू रिपोर्ट’ म्हणून एक पानी तक्ता आला आणि त्यात ‘मौलिकता: उत्तम, भाषा: उत्तम, शिफारस: स्वीकारावा’ एवढ्याच टिकमार्क असतील, तर सावध व्हा. तुमच्या लेखातलं एकही वाक्य ज्यात नाही तो अभिप्राय कोणत्याही लेखाला लागतो.

अंतिम प्रूफ आलं की तीन गोष्टी बघा. तुमचं नाव नोंदणीपत्रातल्यासारखंच आहे ना (लग्नानंतर आडनाव बदललेल्यांनी विशेष), संशोधन केंद्र आणि विद्यापीठाचं नाव बरोबर आहे ना, आणि विषय प्रबंधाशी जोडलेला दिसतो ना. नंतर दुरुस्ती होत नाही.

इशारा: एकच लेख एकाच वेळी दोन जर्नलांना पाठवू नका. लवकर जिकडून येईल तिकडचा घेऊ, हा विचार घाईत शहाणपणाचा वाटतो. दोन्हीकडे आला तर तुम्ही एकच संशोधन दोनदा छापल्याचं रेकॉर्ड होतं.

## टप्पा 5: जमा करण्याची फाइल आणि सिमिलॅरिटी

पेपरच्या पुराव्याची एक वेगळी पातळ फाइल करा. मुखपृष्ठ, संपादक मंडळाचं पान, अनुक्रमणिका, तुमचा पूर्ण लेख, दोन्ही तारखांचे स्क्रीनशॉट, समीक्षेचा पत्रव्यवहार, विद्यापीठाची मंजुरी असल्यास तीही. अनुक्रमणिका विसरू नका. अंकात किती लेख आहेत ते तिच्यावरून कळतं आणि तपासणारा तिच्याकडेच आधी बघतो.

2019 ते 2024 दरम्यान केअर यादीतल्या जर्नलमध्ये पेपर आला असेल तर यादीतल्या नोंदीवर ‘कव्हरेज’ कधीपासून कधीपर्यंत आहे हे दाखवणारा पुरावा लागतो. यादी बंद झाली असली तरी तुमचा पेपर छापला तेव्हा जर्नल त्या यादीत होतं हे दाखवणं तुमच्याकडे आहे. स्क्रीनशॉट घेतला नसेल तर web.archive.org वर जुन्या तारखेचं पान सापडतं का बघा, आणि ग्रंथपालाला विचारा, आमच्यासारख्यांनी जुन्या याद्या उतरवून ठेवलेल्या असतात.

आता सिमिलॅरिटी. तुमचाच छापील पेपर प्रबंधाशी जुळलेला म्हणून अहवालात येतो, कारण सॉफ्टवेअरला लेखक तुम्हीच आहात हे समजत नाही. आयोगाच्या 2018 च्या वाङ्मयचौर्य नियमावलीत 10 टक्क्यांपर्यंतच्या साम्याला दंड नाही. 10 ते 40 टक्के असेल तर ठरलेल्या मुदतीत दुरुस्त करून पुन्हा जमा करावं लागतं. स्वतःच्या पेपरमुळे आकडा वाढला असेल तर प्रबंधात त्या प्रकरणाच्या सुरुवातीलाच ‘या प्रकरणातला अमुक भाग अमुक ठिकाणी प्रसिद्ध’ असं लिहा आणि विद्यापीठाच्या पद्धतीप्रमाणे गाइडचं प्रमाणपत्र जोडा. लपवलेला पेपर सापडला की चौकशी वेगळ्या दिशेने जाते.

## टप्पा 6: फसलात तर

दोन परिस्थिती आहेत आणि दोन्हींचे उपाय निराळे.

पहिली: लेख गेलाय, पण अजून छापला नाही. लगेच ईमेलने लेख मागे घेत असल्याचं कळवा. फोनवर बोलू नका. ‘मागे घेण्याची फी’ म्हणून पैसे मागतील, देऊ नका. कॉपीराइट फॉर्मवर सही केली असेल तर तीही मागे घेत असल्याचं त्याच पत्रात लिहा. मग त्यांच्या वेबसाइटवर लेख चढत नाही ना यावर लक्ष ठेवा आणि लेखी उत्तराची वाट बघा. उत्तर आलंच नाही तर, तोच लेख दुसऱ्या जर्नलला पाठवताना ही हकीकत संपादकांना आधी सांगा. चांगले संपादक समजून घेतात, नंतर कळलं तर मात्र घेत नाहीत.

दुसरी: छापून आलाय. वर सांगितलेली विद्यार्थिनी इथे होती. तिचा पहिला प्रश्न सगळ्यांचाच असतो: ‘तोच पेपर चांगल्या जर्नलला देऊ का?’ नाही. तो तुमच्या नावाने इंटरनेटवर आहे. नव्या जर्नलचं सॉफ्टवेअर तो शोधेल, आणि ‘हे संशोधन याआधी प्रसिद्ध झालेलं नाही’ या ओळीखाली तुमची सही खोटी ठरेल. शीर्षक बदलून, परिच्छेद फिरवूनही हेच होतं. बनावट जर्नल तुमचा पेपर मोजू देत नाही आणि वापरूही देत नाही. खरं नुकसान 1,800 रुपयांचं नसतं, त्या प्रकरणाचं असतं.

तिने हे केलं, याच क्रमाने. आधी गाइडना सांगितलं, त्याच दिवशी. मग संशोधन केंद्रामार्फत पीएच.डी. विभागाला पत्र दिलं: पेपर क्लोन जर्नलमध्ये गेल्याचं लक्षात आलं आहे, तो अटीच्या पूर्ततेसाठी धरू नये, नवा पेपर देते. बनावट वेबसाइटला लेख काढण्यासाठी दोनदा ईमेल केला, उत्तर आलं नाही, पण पाठवल्याची नोंद फाइलला लागली. तिची सहा वर्षं ऑगस्ट 2025 ला संपत होती. 2016 च्या नियमांत महिलांना कमाल मुदतीत दोन वर्षांची सवलत देता येते, तिचा अर्ज तिने मे महिन्यातच केला, मुदत संपायच्या आधी. संपल्यावर केलेल्या अर्जाची गोष्ट वेगळी असते.

नवा पेपर तिने पूर्णपणे वेगळ्या प्रकरणातून लिहिला, मुलाखतींच्या विश्लेषणावर, ज्यातली एकही ओळ जुन्या पेपरमध्ये नव्हती. मार्चमध्ये पाठवला. तोवर केअर यादी बंद झालेली, म्हणून जर्नलचं नाव गाइडनी आधी विद्यापीठाच्या समितीकडून तपासून घेतलं. जूनमध्ये दोन पानी अभिप्राय आला, नमुन्याच्या निवडीवरून चांगलीच झाडाझडती होती. ऑक्टोबरमध्ये पेपर आला, नोव्हेंबरमध्ये प्रबंध जमा झाला. म्हणजे नऊ महिने.

जुन्या पेपरचं काय? त्याचा मजकूर ज्या प्रकरणात होता तिथे तिने तळटीप दिली: याचा काही भाग पूर्वी प्रसिद्ध झाला होता, ते प्रकाशन अटीच्या पूर्ततेसाठी सादर केलेलं नाही. प्रकाशनांच्या यादीत तो ठेवला नाही, आणि मी तिला तो बायोडेटामधूनही काढायला सांगितलं. आयोगाने जून 2019 च्या सूचनेतच म्हटलं आहे की अशा जर्नलमधलं लेखन निवड, बढती वगैरेंसाठी धरू नये. सहायक प्राध्यापकाच्या मुलाखतीला तो कागद नेला तर तिथे पुन्हा तोच प्रश्न निघेल.

खुल्या मौखिक परीक्षेत बाहेरच्या परीक्षकांनी त्या तळटिपेबद्दल विचारलं. तिने ‘अकरावा भाग’ची गोष्ट सांगितली. परीक्षक हसले आणि म्हणाले, ‘आमच्याकडे भाग सव्वीसपर्यंत गेला होता,’ आणि पुढच्या प्रश्नाकडे वळले.